फॉलो-अपला न आलेले 18 जण: जर्नलमधल्या टीकेला उत्तर लिहिताना

पेपर छापून आल्यावर काही आठवड्यांनी करस्पॉन्डिंग ऑथरच्या इनबॉक्समध्ये संपादकीय कार्यालयाची ईमेल येते. सोबत एक छोटं पत्र असतं, एक मुदत असते आणि शब्दमर्यादा असते. पत्रात तीन-चार मुद्दे असतात. त्यातला एखादा मुद्दा असा असतो की त्याचं उत्तर आपल्या पेपरमध्ये नाही, मात्र डेटामध्ये असू शकतं. अशाच एका मुद्द्याबद्दल इथे सविस्तर लिहितो आहोत. क्लिनिकल ट्रायलवर तो हमखास येतो आणि त्याला दिली जाणारी उत्तरं बहुतेक वेळा कमकुवत असतात: फॉलो-अपमधून गळालेले रुग्ण.

आधी चौकट समजून घेऊ. वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, हिच्या शिफारशींनुसार आपल्या कामावर ठोस टीका आली तर त्याच माध्यमातून उत्तर देणं ही लेखकांची जबाबदारी आहे, आणि संपादकांनी ते त्यांच्याकडून मागवावं. म्हणजे गप्प बसण्याचा पर्याय कागदोपत्री असला तरी तो चांगला पर्याय नाही. पत्र छापलं जातं, उत्तर नसतं, आणि वाचणारा काय समजायचं ते समजतो. जागा मात्र फार थोडी मिळते. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पेपरवर आलेलं पत्र 175 शब्दांत बसवावं लागतं, शिवाय ते पेपर छापल्यापासून तीन आठवड्यांत पोचायला हवं. जामामध्ये पत्राला 400 शब्द आणि लेखकांच्या उत्तराला 500 शब्द मिळतात. हे नियम बदलत असतात, म्हणून लिहायला बसण्याआधी त्या जर्नलचं सूचनांचं पान उघडून मर्यादा, संदर्भांची संख्या आणि तक्ता चालतो की नाही हे बघून घ्यावं. पाचशे शब्दांत चार मुद्द्यांना सारखी जागा वाटत बसलं, तर एकाही मुद्द्याचं धड उत्तर होत नाही.

पत्र हातात आलं की आम्ही ते छापून घेतो आणि प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहितो: हे खरं असेल तर आमचा निष्कर्ष बदलतो का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्या मुद्द्याला उत्तरात एक वाक्य पुरतं. उत्तर ‘हो’ असेल तर बाकीची सगळी जागा त्याची. टीकाकाराचा सूर, त्याचे स्वतःचे पेपर, त्याने हा मुद्दा का काढला असेल, यातलं काहीही कागदावर येऊ द्यायचं नाही. को-ऑथर्सच्या पहिल्या बैठकीत हे सगळं बोलून होतंच, पण ते बैठकीतच राहावं.

आता उदाहरण. खऱ्या रुग्णांचे आकडे इथे वापरता येणार नाहीत, म्हणून सोयीसाठी रचलेलं उदाहरण घेऊ. समजा, ग्रामीण भागातल्या 240 उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर ट्रायल झाली. 120 जणांना नवी औषधयोजना, 120 जणांना नेहमीची. सहा महिन्यांनी किती जणांचा रक्तदाब नियंत्रणात आहे, हा मुख्य निकाल. नव्या योजनेतले 18 जण शेवटच्या तपासणीला आले नाहीत, नेहमीच्या योजनेतले 8 जण आले नाहीत. उरलेल्यांपैकी नव्या योजनेत 102 पैकी 66 जणांचा रक्तदाब नियंत्रणात होता, म्हणजे 64.7 टक्के. नेहमीच्या योजनेत 112 पैकी 56, म्हणजे बरोबर 50 टक्के. फरक 14.7 टक्क्यांचा, त्याचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल 1.6 ते 27.8. शून्य त्याच्या बाहेर आहे. पेपरच्या गोषवाऱ्यात शेवटचं वाक्य आहे: नव्या औषधयोजनेमुळे रक्तदाब नियंत्रणाचं प्रमाण वाढतं.

टीकाकारांचं पत्र एवढंच म्हणतं: दोन गटांतली गळती 15 टक्के आणि 6.7 टक्के इतकी असमान आहे, तुम्ही फक्त तपासणीला आलेल्यांचं विश्लेषण केलं आहे, आणि न आलेले सगळे अनियंत्रित धरले तर फरक उरत नाही.

हे वाचल्यावर को-ऑथर्सकडून चार उत्तरं पटापट येतात. चारही छापलेल्या पत्रव्यवहारात सर्रास दिसतात आणि चारही प्रश्नाला बगल देतात. ती का चालत नाहीत ते सांगायला हवं.

पहिलं: एकूण गळती 240 पैकी 26, म्हणजे 10.8 टक्केच आहे, 20 टक्क्यांच्या आत आहे. हा 20 टक्क्यांचा आडाखा सगळीकडे सांगितला जातो, पण तो पक्षपाताबद्दल काहीच ठरवत नाही. निकाल झुकतो तो कोण गेले आणि का गेले यामुळे, आणि दोन गटांत ही कारणं वेगळी असल्यामुळे. दोन्ही गटांतून सारख्याच कारणांनी 20 टक्के गेले तर निकाल जवळपास शाबूत राहू शकतो. एका गटातून औषध न सोसल्यामुळे 5 टक्के गेले तरी तो हलू शकतो. दुसरं: नमुन्याचा आकार ठरवताना 10 टक्के गळती गृहीत धरली होती. ती तरतूद ट्रायलची ताकद टिकवण्यासाठी असते, म्हणजे माणसं कमी पडू नयेत म्हणून. उरलेली माणसं वेगळ्या जातकुळीची असतील तर तिचा काही उपयोग नाही. तिसरं: गेलेल्यांचं वय, वजन, सुरुवातीचा रक्तदाब राहिलेल्यांसारखाच होता, पी व्हॅल्यू 0.05 च्या वर. 18 माणसांवर केलेल्या तुलनेत मोठा फरकसुद्धा निसटतो, आणि जे मोजलंच नाही, उदाहरणार्थ चक्कर येत होती का, त्याबद्दल ती काही सांगत नाही. चौथं आणि सगळ्यात जास्त वापरलं जाणारं: आम्ही हे मर्यादांच्या परिच्छेदात नमूद केलं होतं. नमूद केलं होतं हे खरं, पण गोषवाऱ्यातल्या शेवटच्या वाक्याला त्याने धक्का लागला नाही, आणि वाचणारे बहुतेक डॉक्टर तेच एक वाक्य वाचतात.

उत्तर डेटामधूनच काढावं लागतं. त्यातही क्रम महत्त्वाचा आहे. पहिलं काम म्हणजे छापलेले आकडे पुन्हा निघतात का ते बघणं. डेटा लॉक झाला तेव्हाची फाइल उघडायची. नंतर कुणीतरी सोयीसाठी कॉलम बदललेली, ‘फायनल 2’ नावाची फाइल घ्यायची नाही. संख्याशास्त्रज्ञाला सांगायचं की पेपरमधला मुख्य तक्ता या फाइलमधून जसाच्या तसा काढून दाखवा. जुन्या कोडमधून निघाला तर ठीक. न निघाला तर उत्तराचा मसुदा बाजूला ठेवायचा, कारण आता प्रश्न टीकेचा उरलेला नाही, पेपरमधल्या चुकीचा आहे. त्याचा रस्ता वेगळा आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. ही पायरी गाळून थेट नवं विश्लेषण केलं की एक नेहमीचा गोंधळ होतो: उत्तरात 102 ऐवजी 103 छापले जातात, आणि टीकाकाराचं पुढचं पत्र त्या एका माणसाबद्दल येतं.

दुसरं काम थोडं किचकट आणि सगळ्यात मोलाचं. त्या 26 जणांचे केस रेकॉर्ड फॉर्म काढून एकेकाचं कारण लिहायचं. कन्सॉर्टच्या फ्लो डायग्राममध्ये गळतीची संख्या आणि कारणं दोन्ही द्यायची असतात, पण छापताना तिथे बहुतेकदा ‘लॉस्ट टू फॉलो-अप, 18’ एवढंच उरतं. फॉर्मवर मात्र फील्ड वर्करने पेनाने लिहिलेलं असतं. आपल्या उदाहरणात समजा असं निघालं: नव्या योजनेतले 7 जण ऊसतोडीला गेले, 4 जणांचा फोन लागला नाही, 1 जण वारला, आणि 6 जणांनी पाय सुजतात, चक्कर येते म्हणून गोळ्या सोडल्या आणि मग येणंही सोडलं. नेहमीच्या योजनेतले 6 जण ऊसतोडीला गेले आणि 2 जणांचा फोन लागला नाही.

ही यादी समोर आली की मुद्दा उलगडतो. ऊसतोड 7 आणि 6, म्हणजे दोन्हीकडे सारखीच. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, कोण कुठल्या गटात आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. दोन गटांतल्या दहा जणांच्या फरकातला मोठा भाग त्या 6 जणांचा आहे, आणि ते औषधामुळेच गेले. म्हणजे टीकाकारांनी कारणं न बघता जो संशय घेतला, तो मुळात बरोबर आहे. आणि इथेच ट्रायल चालवतानाची एक चूक उघडी पडते. औषध सोडणं आणि फॉलो-अप सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने गोळ्या सोडल्या त्याचाही सहाव्या महिन्याचा रक्तदाब मोजायला हवा, कारण ज्या गटात नेमलं त्याच गटात मोजायचं हे इंटेन्शन-टू-ट्रीटचं तत्त्व आहे. पण केंद्रावर ‘ट्रीटमेंट बंद’ अशी नोंद झाली की फील्ड वर्कर त्याला यादीतून काढतो, पुढची भेट ठरवत नाही, आणि जो आकडा सहज मिळाला असता तो कायमचा हातचा जातो.

या टप्प्यावर कुणीतरी सुचवतं की त्या लोकांना आता फोन करू, घरी जाऊन रक्तदाब घेऊन येऊ. हे करू नये. आज मोजलेला रक्तदाब सहाव्या महिन्याचा नसतो, मधल्या काळात औषधं बदललेली असतात, आणि अभ्यास संपल्यावर रुग्णांशी पुन्हा संपर्क करायचा तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते. शिवाय टीका आल्यानंतर गोळा केलेला आकडा कुणी तटस्थ मानत नाही.

मग गणित. आमचा आग्रह असा की आपल्याला सोयीचा एकच प्रसंग न दाखवता, टीकाकाराने मागितलेला, सगळ्यात वाईट, आणि कारणांना धरून सगळ्यात पटणारा, असे तिन्ही दाखवायचे. टीकाकाराचा प्रसंग आधी, कारण त्याने तो विचारला आहे. न आलेले सगळे अनियंत्रित धरले तर 120 पैकी 66 आणि 120 पैकी 56, म्हणजे 55 टक्के आणि 46.7 टक्के. फरक 8.3, इंटरव्हल उणे 4.3 ते 20.9. त्याचं म्हणणं बरोबर निघालं, शून्य आत आलं. सगळ्यात वाईट प्रसंगात नव्या योजनेतले न आलेले सगळे अनियंत्रित आणि नेहमीच्या योजनेतले सगळे नियंत्रित धरायचे: 120 पैकी 66 आणि 120 पैकी 64. फरक फक्त 1.7 टक्क्यांचा. दिशा उलटत नाही, पण हाती काही उरतही नाही.

हे दोन्ही प्रसंग टोकाचे आहेत, आणि ते तसे आहेत हे उत्तरात एका वाक्यात सांगावं. ‘सगळे अपयशी धरा’ हे ऐकायला कडक आणि निःपक्ष वाटतं, पण गळती असमान असेल तेव्हा ते जास्त गळती असलेल्या गटाला आपोआप मागे ढकलतं. ऊसतोडीला गेलेला प्रत्येक माणूस अनियंत्रितच होता, असं मानायला काही आधार नाही.

कारणांना धरून असलेला प्रसंग असा: नव्या योजनेतले औषध न सोसलेले 6 आणि वारलेला 1, हे सात अपयशी. उरलेले 11 (ऊसतोड आणि फोन न लागलेले) आपल्या गटातल्या इतरांसारखेच, म्हणजे सुमारे 65 टक्के, म्हणून 7 जण नियंत्रित. नेहमीच्या योजनेतल्या 8 पैकी निम्मे, म्हणजे 4 जण नियंत्रित. आता 120 पैकी 73 आणि 120 पैकी 60. आर वापरणाऱ्यांना हा आडाखा एका ओळीत तपासता येतो:

```
prop.test(c(73, 60), c(120, 120), correct = FALSE)
```

60.8 टक्के आणि 50 टक्के, फरक 10.8, इंटरव्हल उणे 1.7 ते 23.3. छापलेल्या 14.7 पेक्षा फरक कमी झाला आणि शून्य जेमतेम आत आलं.

आणखी एक आकडा आम्ही नेहमी काढतो: निकाल कुठे पलटतो. नेहमीच्या योजनेतल्या 8 पैकी 4 नियंत्रित धरले, तर नव्या योजनेतल्या 18 पैकी किती जण नियंत्रित असायला हवेत, म्हणजे इंटरव्हल शून्याच्या वर राहील? वरच्या ओळीत पहिला आकडा 66 पासून एकेकाने वाढवत गेलं की उत्तर मिळतं. 74 ला खालची मर्यादा उणे 0.8 टक्के येते, 75 ला ती शून्याच्या केसभर वर जाते. म्हणजे 18 पैकी 9. हा आकडा वाचणाऱ्याला लगेच कळतो: तपासणीला न आलेल्यांपैकी निम्मे तरी नियंत्रित होते असं मानलं तरच पेपरचा निष्कर्ष टिकतो. त्या 18 पैकी 6 जणांनी गोळ्याच सोडल्या होत्या, हे शेजारी लिहिलं की वाचणारा स्वतः ठरवू शकतो.

हे हातचं गणित पडताळणीसाठी आहे. ठोकळ आकडे भरून काढलेला इंटरव्हल असायला हवा त्यापेक्षा अरुंद येतो, कारण भरलेले आकडे आपण खरे मोजलेले असल्यासारखे वापरतो. अंतिम उत्तरासाठी संख्याशास्त्रज्ञाने मल्टिपल इम्प्युटेशन करावं आणि त्यात औषध सोडणाऱ्यांना वेगळं वागवावं. तरीही हातचं गणित सोडू नये. सॉफ्टवेअरने फरक 19 टक्के दाखवला तर हाताने काढलेल्या 10.8 शी तो जुळत नाही हे लगेच दिसतं, आणि बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की 0 आणि 1 चे अर्थ एका फाइलमध्ये उलटे होते.

आता लिहिणं. पाचशे शब्दांतले निदान तीनशे या एका मुद्द्याला. पहिला मसुदा साधारण असा येतो: “आम्ही टीकाकारांचे आभारी आहोत. गळतीचं प्रमाण स्वीकारार्ह मर्यादेत होतं आणि ते आम्ही मर्यादांमध्ये नमूद केलं आहे. त्यामुळे आमच्या निष्कर्षांवर परिणाम होत नाही असं आम्हाला वाटतं.” यात वाचणाऱ्याच्या हाती एकही नवा आकडा पडत नाही, आणि शेवटचं वाक्य तर फक्त मत आहे.

त्याऐवजी आम्ही असं लिहितो, अर्थात इंग्रजीत: “टीकाकार म्हणतात त्याप्रमाणे दोन गटांतली गळती असमान होती, आणि आमचं मुख्य विश्लेषण फक्त तपासणीला आलेल्यांचं होतं. न आलेल्या 26 जणांची कारणं सोबतच्या तक्त्यात देत आहोत. स्थलांतरामुळे झालेली गळती दोन्ही गटांत सारखी होती (7 आणि 6), पण औषध न सोसल्यामुळे झालेली गळती फक्त नव्या योजनेत होती (6 आणि 0). पत्र मिळाल्यानंतर आम्ही तीन गृहीतकांवर विश्लेषण पुन्हा केलं. फरक 1.7 ते 10.8 टक्के येतो, आणि न आलेले सगळे अनियंत्रित धरलेल्या तसेच कारणांना धरून केलेल्या विश्लेषणात 95 टक्के इंटरव्हलमध्ये शून्य येतं. नव्या योजनेचा फायदा आमच्या पेपरमध्ये दिलेल्यापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे, आणि तो नक्की आहे असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही.”

या मसुद्यावर बैठकीत खडाजंगी होते, विशेषतः शेवटच्या वाक्यावर. कुणाला ‘फायदा दिसतो, मात्र’ अशी सुरुवात हवी असते, कुणाला ‘नियंत्रणाकडे कल’ असा शब्दप्रयोग. ‘कल’ आम्ही काटतो. इंटरव्हलमध्ये शून्य आलं तर ते तसंच सांगावं, आणि वरची मर्यादा 23 टक्के आहे हेही सांगावं, म्हणजे औषध निरुपयोगी ठरलं असाही अर्थ कुणी काढणार नाही. ‘पत्र मिळाल्यानंतर’ हे शब्दही काढायला लोक सांगतात. ते ठेवायचे. हे विश्लेषण प्रोटोकॉलमध्ये आधी ठरलेलं नव्हतं, आणि वाचणाऱ्याला ते कळलं पाहिजे. उलट प्रोटोकॉलमध्ये गळतीसाठी एखादं विश्लेषण आधीच ठरलेलं असेल आणि पेपरमध्ये ते गाळलं असेल, तर सगळ्यात आधी तेच द्यावं लागतं. टीकाकार ते शोधू शकतात. ट्रायलची नोंद सीटीआरआयवर असते. ही भारताची क्लिनिकल ट्रायल नोंदवही 2007 मध्ये सुरू झाली आणि 15 जून 2009 पासून औषध नियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली. मुख्य निकाल काय ठरला होता आणि तो कधी मोजायचा होता, हे तिथे कुणालाही वाचता येतं. उत्तर पाठवण्याआधी आपली नोंद, प्रोटोकॉल आणि पेपर हे तिन्ही शेजारी ठेवून वाचावेत.

‘हे आधीच ठरलेलं होतं’ या उत्तराची ताकद किती आणि मर्यादा किती, हे सांगणारं एक जगजाहीर प्रकरण आहे. 23 नोव्हेंबर 2000 च्या न्यू इंग्लंड जर्नलमध्ये व्हिगोर ट्रायल छापून आली. संधिवाताच्या 8,076 रुग्णांना रोफेकॉक्सिब किंवा नेप्रोक्सेन दिलं होतं. पोटाचे त्रास रोफेकॉक्सिबमध्ये कमी दिसले. हृदयविकाराचे झटके मात्र 0.4 टक्के आणि 0.1 टक्के असे होते, रोफेकॉक्सिबमध्ये जास्त. सप्टेंबर 2004 मध्ये औषध बाजारातून मागे घेतलं गेलं. डिसेंबर 2005 मध्ये संपादकांनी पेपरबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली: रोफेकॉक्सिब गटातले आणखी तीन झटके पेपरमध्ये धरलेच नव्हते, त्यामुळे 17 ऐवजी 20 हवे होते, आणि निदान दोन लेखकांना ते पेपरची सुधारित प्रत पाठवण्याच्या किमान दोन आठवडे आधी माहीत होते. मार्च 2006 मध्ये लेखकांची उत्तरं छापली गेली. त्यांचं मुख्य म्हणणं असं की हृदयाच्या घटना मोजण्याची शेवटची तारीख आधीच ठरलेली होती आणि हे तिघे त्या तारखेनंतरचे होते. संपादकांनी त्याच अंकात आपली चिंता कायम ठेवली. त्यांचा आक्षेप असा होता की पोटाच्या घटनांची मोजणी त्यानंतरही सुमारे महिनाभर चालू होती. एकाच ट्रायलमध्ये फायद्याच्या घटना उशिरापर्यंत मोजायच्या आणि धोक्याच्या लवकर थांबवायच्या, ही रचनाच निकाल झुकवणारी आहे आणि ती पेपरमध्ये सांगितलेली नव्हती.

उत्तर लिहिणाऱ्याने यातून एक गोष्ट तपासायची असते. नियम आधी ठरलेला होता याने फक्त एवढं सिद्ध होतं की निकाल पाहून तो बदलला नाही. नियम योग्य होता का, आणि वाचणाऱ्याला तो सांगितला होता का, हे दोन प्रश्न तसेच उरतात. आपल्या उदाहरणात ‘फक्त तपासणीला आलेल्यांचं विश्लेषण प्रोटोकॉलमध्येच ठरलं होतं’ असं म्हणता आलं, तरी त्या 6 जणांचं काय, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

वर म्हटलेला वेगळा रस्ता आता. फेरतपासणीत पेपरमधला आकडाच चुकलेला निघाला, तर तो पत्राच्या उत्तरात हळूच दुरुस्त करायचा नाही. संपादकांना वेगळी ईमेल करून चूक, तिचं कारण आणि बरोबर आकडे कळवायचे आणि शुद्धिपत्र मागायचं. उत्तरात फक्त त्याचा उल्लेख. कारण साधं आहे: मूळ पेपर वाचणारा उत्तर वाचेलच असं नाही, पण पबमेडवर पेपरच्या नोंदीत शुद्धिपत्राचा दुवा लागतो आणि जर्नलच्या साइटवर मूळ लेखातही तो दिसतो. चुकीमुळे निष्कर्षच कोसळत असेल तर पेपर मागे घेण्याचा प्रश्न येतो. प्रामाणिक चूक असेल तर मागे घेऊन दुरुस्त रूपात पुन्हा छापण्याची सोय आयसीएमजेईच्या शिफारशींत आहे. गळतीसारख्या मुद्द्यावर, जिथे आकडे बरोबर पण अर्थ जास्तीचा लावलेला आहे, तिथे शुद्धिपत्र द्यायचं की नाही हे संपादक ठरवतात. आम्ही स्वतःहून विचारतो, की गोषवाऱ्यातलं शेवटचं वाक्य बदलून घेता येईल का.

पाठवण्याआधी प्रत्येक को-ऑथरची लेखी संमती घ्यावी. ‘उत्तर आलं नाही म्हणजे मान्य’ असं धरू नये, कारण मूळ पेपरवर नाव असलेला एखादा लेखक नव्या निष्कर्षाशी सहमत नसू शकतो, आणि तसं असेल तर त्याचं नाव उत्तरावर न घालणं हा सरळ मार्ग आहे. हितसंबंधांची माहिती नव्याने भरावी लागते. पेपर आणि उत्तर यांच्या मधल्या काळात कुणी औषध कंपनीचं व्याख्यानाचं मानधन घेतलं असेल तर ते इथे यायला हवं.

संपादकांकडून परत येणाऱ्या प्रतीत काटछाट झालेली असते. ती प्रूफ म्हणून न वाचता अर्थासाठी वाचावी. शब्द वाचवताना ‘पत्र मिळाल्यानंतर’ उडतं, उणे चिन्ह हायफन समजून गळतं आणि ‘उणे 1.7 ते 23.3’ चं ‘1.7 ते 23.3’ होतं. एवढ्या एका चिन्हाने उत्तराचा अर्थ उलटा होतो, म्हणून इंटरव्हलच्या खालच्या मर्यादा आम्ही प्रूफमध्ये एकेक बोट ठेवून तपासतो, आणि जमेल तिथे चिन्हाऐवजी अक्षरांत लिहायची विनंती करतो.

उत्तर छापून आलं की 26 जणांच्या कारणांची यादी, नावं आणि नोंदणी क्रमांक काढून, विश्लेषणाच्या कोडसोबत संस्थेच्या भांडारात ठेवावी आणि तिचा दुवा सीटीआरआयच्या नोंदीत जोडावा. पुढे कुणी या विषयावरचे अभ्यास एकत्र करून मेटा-अ‍ॅनालिसिस करायला बसलं, तर त्याला पेपरमधले 102 आणि 112 यांच्यापेक्षा या यादीचाच जास्त उपयोग होतो, कारण गळती कशी धरायची ते मग तो आपल्या पद्धतीने ठरवू शकतो.